परीक्षानळीतलं ३ टक्के आणि शिरेतलं ३ टक्के

प्रश्न : मी बारावी सायन्सला आहे, ऐरोलीत राहते. प्रॅक्टिकलला ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात रक्तपेशी नीट राहिल्या, पातळ द्रावणात फुटल्या आणि ३ टक्क्यांत आकसून काटेरी झाल्या. वहीत निष्कर्ष लिहिला, 'म्हणून शिरेतून दिलं जाणारं सलाईन समपरासारीच, म्हणजे पेशी न फुगवणारं, न आकसवणारं हवं.' त्याच आठवड्यात आजोबा आयसीयूत गेले, रक्तातलं सोडियम उतरून ११२ झालं होतं. त्यांच्या बाटलीवर ३ टक्के लिहिलेलं आणि शेजारच्या पेशंटच्या बाटलीवर ०.४५. सिस्टरना विचारलं तर त्या नुसत्या हसल्या. मग त्या दोघांच्या रक्तपेशींचं काय होत असेल? वही चूक की हॉस्पिटल?

उत्तर :

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. अकरा वर्षं एका हॉस्पिटलच्या रक्तपेढीत काढली, आता नौपाड्यात स्वतःची लॅब चालवते. आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आजोबांना ३ टक्के द्यायला हवं होतं की नव्हतं, हे मला बाटलीवरच्या आकड्यावरून सांगता येणार नाही. सोडियम किती दिवसांत उतरलं, झटके आले का, गुंगी किती आहे, हृदय आणि किडनी कशी आहे, यावर ते ठरतं आणि ते त्यांच्या डॉक्टरांनाच ठाऊक. पण रक्तपेशींचं काय होतं, हे सांगू शकते.

तुझी वही परीक्षानळीपुरती बरोबर आहे. घोटाळा 'म्हणून' या शब्दात आहे. परीक्षानळीतून तू थेट शिरेत उडी मारलीस आणि वाटेत दोन प्रश्न गळून पडले. पेशीला ते द्रावण किती वेळ आणि किती निर्भेळ भेटतं? आणि त्यात विरघळलेला पदार्थ पेशीच्या बाहेरच राहतो की आत शिरतो? दोन्ही बाटल्यांचं उत्तर पहिल्या प्रश्नात आहे. दुसरा प्रश्न ग्लुकोजच्या बाटलीचा आहे. तो तू विचारला नाहीस, पण त्याच्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही.

आधी नळीच घेऊ. तांबडी पेशी म्हणजे मधे दबलेली चकती, व्यास साधारण ७ ते ८ मायक्रॉन. तिला अर्धवट भरलेली दुधाची पिशवी समज. प्लॅस्टिक पुष्कळ, दूध कमी, म्हणून ती चपटी पडते. आणखी दूध भरलं तर पिशवी आधी गोल होईल, प्लॅस्टिक ताणलं जाणार नाही. एकदा ती टम्म गोल झाली की मात्र पुढच्या थोड्याशा भरीनेही ती फाटते. पेशीचं आवरण असंच आहे. ते दुमडतं, वाकतं, पण क्षेत्रफळात जेमतेम तीन-चार टक्केच ताणलं जातं.

आता गणित करू. पेशीचं आकारमान ९० एकक धर (खरं तर फेम्टोलिटर, पण नावाला घाबरू नकोस). त्यातला सुमारे ३६ एककांचा भाग बाहेर काहीही झालं तरी बदलत नाही. तो मुख्यतः हिमोग्लोबिनचा. उरलेलं ५४ एकक पाणी बाहेरच्या द्रावणाच्या तीव्रतेप्रमाणे कमी-जास्त होतं. बाहेरची तीव्रता निम्मी झाली की हे पाणी दुप्पट होतं, कारण मीठ-पोटॅशियम आत अडकलेलं असतं आणि समतोल साधायला पाणीच ये-जा करतं. आवरण न फाटता पेशी जास्तीत जास्त १५० एककांच्या आसपास फुगू शकते.

०.४५ टक्क्यांत काय होईल? ५४ चे १०८ झाले, त्यात ३६ मिळवले की १४४. पेशी जवळजवळ गोल झाली, काठावर आली, पण बहुतेक पेशी टिकल्या. ०.३ टक्क्यांत पाणी तिप्पट, म्हणजे १६२ अधिक ३६, एकूण १९८. एवढं मावतच नाही, पेशी फुटणारच. हेच हिमोलिसिस. प्रयोगशाळेत निरोगी रक्ताचं फुटणं ०.५ ते ०.४५ टक्क्यांच्या सुमारास सुरू होतं आणि ०.३ च्या आसपास पूर्ण होतं, म्हणजे हे गणित वास्तवाच्या बरंच जवळ आहे. मधल्या पट्ट्यात काही पेशी फुटतात, काही टिकतात. पेशी साधारण १२० दिवस जगते आणि म्हातारी होत जाते तसं तिचं आवरण थोडं थोडं झिजतं. पिशवीचं प्लॅस्टिकच कमी झालं की ती लवकर टम्म होते आणि आधी फुटते.

३ टक्के म्हणजे ०.९ च्या सव्वातीन पटीहून थोडं जास्त. ५४ एकक पाण्याचं १६ उरतं, ३६ मिळवून ५२. पेशी निम्म्याहून थोडी मोठी उरली, पण आवरण तेवढंच आहे. मग ते सुरकुततं, टोकं काढतं. तुला दिसलेले काटे ते हेच, क्रेनेशन. इथे एक गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागणार आहे : आकसलेल्या पेशीला परत ०.९ मध्ये ठेवलं तर ती बहुतेक वेळा पुन्हा नीट चकती होते, पण फुटलेली पेशी कशातही ठेवली तरी परत येत नाही.

आणि ०.९ च का? संख्या महत्त्वाची आहे ती कणांची, ग्रॅमची नाही. लिटरभर पाण्यात ९ ग्रॅम मीठ विरघळलं की १५४ मिलिमोल सोडियम आणि १५४ मिलिमोल क्लोराइड, कागदावर ३०८ कण-एकक. प्रत्यक्षात हे आयन एकमेकांना थोडे बांधून राहतात, म्हणून मोजमाप २८६ च्या आसपास येतं. आपल्या प्लाझ्माचं २७५ ते २९५. हॅम्बर्गर नावाच्या डच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांबड्या पेशी वेगवेगळ्या मिठाच्या पाण्यात टाकून आणि गोठणबिंदू मोजून हा आकडा बसवला. त्याआधी बेडकावरच्या प्रयोगांतलं ०.६ टक्के सगळ्यांना चालवलं जायचं. बेडकाच्या पेशींना ते ठीक होतं, माणसाच्या नाही.

प्रॅक्टिकलची एक सूचना. हिमोलिसिस ओळखायला मायक्रोस्कोप लागतच नाही. नळीच्या मागे छापील कागद धर. पेशी शाबूत असतील तर द्रावण गढूळ, टोमॅटोच्या पातळ सारासारखं दिसतं आणि अक्षरं वाचता येत नाहीत. पेशी फुटल्या असतील तर द्रावण लाल पण पारदर्शक होतं, अक्षरं स्वच्छ दिसतात. आपल्याकडे थॅलेसेमिया मायनर शोधायची एक स्वस्त चाचणी याच युक्तीवर उभी आहे, नेस्ट्रॉफ्ट. ०.३६ टक्के बफर्ड सलाईनमध्ये थेंबभर रक्त घालून अर्धा तास ठेवायचं आणि मागे कागदावर काळी रेघ धरायची. निरोगी पेशी फुटतात आणि रेघ दिसते. थॅलेसेमिया मायनर असलेल्याच्या पेशी चपट्या, आत माल कमी आणि आवरण भरपूर, म्हणून त्या ०.३६ मध्येही टिकतात आणि रेघ अंधुक होते किंवा दिसतच नाही. लोहाच्या कमतरतेतही असं होतं, म्हणून नुसत्या रेघेवर निदान करत नाही, पुढे एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी करतो.

काट्यांच्या बाबतीत मात्र मायक्रोस्कोपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नकोस. स्लाइड सुकायला लागली, काच धुताना साबण राहिला किंवा रक्त रात्रभर नळीत पडून राहिलं, तरी ०.९ टक्क्यांतल्या पेशींनाही काटे येतात. नवीन टेक्निशियन असे काटे पाहून घाबरून माझ्याकडे येतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'रक्त किती वाजता काढलंय?'

आता शिरेकडे वळू. नळीत तू थेंबभर रक्त पाच मिलिलिटर द्रावणात टाकलंस. म्हणजे पेशीच्या चहूबाजूंनी द्रावण आणि तिचा स्वतःचा प्लाझ्मा नगण्य. शिरेत नेमकं उलटं असतं. तिथे वाहत्या रक्तात द्रावणाची बारीक धार पडते.

शेजारच्या पेशंटची ०.४५ टक्क्यांची बाटली घेऊ. ती ताशी १०० मिलि या वेगाने चालली आहे असं धरू, म्हणजे मिनिटाला १.७ मिलि. हाताच्या शिरेत मिनिटाला ३० मिलि रक्त वाहतं असं मान. माणसागणिक आणि शिरेगणिक हा आकडा बदलतो, पण अंदाजाला पुरेसा आहे. २९० तीव्रतेचं ३० मिलि रक्त आणि १५४ तीव्रतेचं १.७ मिलि द्रावण मिसळलं की मिश्रण २८३ च्या आसपास येतं. नळीतला १५४ आणि शिरेतला २८३ यांत केवढं अंतर आहे बघ. पेशीला जेमतेम जाणवेल इतका फरक. पुढे छातीतल्या मोठ्या शिरेत मिनिटाला दोन लिटरच्या आसपास रक्त येतं, तिथे तो फरकही विरघळून जातो.

आता आजोबांची ३ टक्क्यांची बाटली. ती ताशी ३० मिलि दिली जात असेल, तर मिनिटाला अर्धा मिलि. १०२६ तीव्रतेचा अर्धा मिलि ३० मिलि रक्तात गेला की मिश्रण होतं ३०२. पेशी किंचित बारीक होतील, काटे वगैरे काही नाही. पण कधी कधी पेशंटला झटके येत असतात आणि १०० मिलि दहा मिनिटांत सोडावं लागतं. मग मिनिटाला १० मिलि, आणि हाताच्या शिरेत मिश्रण ४७० च्या घरात जातं, म्हणजे दीड टक्का मिठाच्या पाण्याइतकं. तिथून जाणाऱ्या पेशी क्षणभर खरोखर आकसत असतील. पण मोठ्या शिरेत पोचल्यावर तीव्रता २९४ होते आणि पाणी परत आत येतं. हे क्षणात होतं, कारण तांबड्या पेशीच्या आवरणात पाण्यासाठी खास दारं आहेत, अ‍ॅक्वापोरिन. पीटर अ‍ॅग्री यांना ती तांबड्या पेशींवरच्या कामातच सापडली आणि त्यासाठी २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पेशी वाहून जाते, पण शिरेची भिंत तिथेच राहते. कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या टोकापाशी दाट द्रावण तिला सतत लागत राहतं. म्हणून ३ टक्के चालू असताना सिस्टर वारंवार हात बघतात : लाली, दुखणं, कडक झालेली शीर. जास्त वेळ द्यायचं असेल तर मोठ्या शिरेतली लाइन पसंत करतात, कारण तिथे रक्ताचा ओघ मोठा असतो.

इथे तुझ्या मनात शंका यायला हवी. मिसळण्याचंच गणित असेल तर निव्वळ डिस्टिल्ड वॉटर ताशी १०० मिलि का देत नाहीत? सरासरी काढली तर तेही २७४ च येतं. उत्तर मघाच्या 'फुटलेली परत येत नाही' या वाक्यात आहे. टोकाशी द्रावण बाहेर पडतं तेव्हा ते लगेच मिसळत नाही, पाण्याचे पट्टे काही क्षण तसेच राहतात. त्या पट्ट्यात सापडलेल्या पेशीला सरासरीशी काय घेणं! ०.४५ च्या निर्भेळ पट्ट्यात सापडली तरी ती १४४ वर थांबते, काठावर पण आत. ३ टक्क्यांच्या पट्ट्यात सापडली तर आकसते आणि पुढे जाऊन सावरते. शून्य टक्क्यांच्या पट्ट्यात सापडली की संपली. अशा पेशी मिनिटामागून मिनिट फुटत राहिल्या की मोकळं हिमोग्लोबिन रक्तात साठतं, लघवी कोलासारखी होते, किडनीवर ताण येतो, पोटॅशियम वाढतं. म्हणून इंजेक्शनची पावडर विरघळवायचं निर्जंतुक पाणी आणि शिरेतून लावायच्या बाटल्या वेगळ्या ठेवतात. मोठ्या बाटलीतलं साधं निर्जंतुक पाणी चुकून शिरेत गेल्यामुळे असे अपघात झालेले आहेत. मिठाचं द्रावण ०.४५ हूनही पातळ लागत असेल तर त्यात डेक्स्ट्रोज घालून मगच बाटली बनवतात.

डेक्स्ट्रोज म्हटलं की दुसरा प्रश्न आला. ५ टक्के डेक्स्ट्रोज म्हणजे लिटरला ५० ग्रॅम ग्लुकोज, मीठ शून्य, आणि तीव्रता बाटलीत प्लाझ्माच्या जवळपास. म्हणजे समपरासारी? बाटलीत हो, शरीरात नाही. ग्लुकोज पेशींत शिरतं आणि जळून जातं, मागे उरतं नुसतं पाणी. खरं पाहता ही बाटली म्हणजे शिरेतून पाणी देण्याची युक्ती आहे. ग्लुकोज टोकाशी पेशींना सांभाळतं, पाणी रक्तात नीट मिसळेपर्यंत सोबत करतं, आणि मग नाहीसं होतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सरांना विचारून युरियाचा प्रयोग कर. लिटरला १८ ग्रॅम युरिया म्हणजे ३०० तीव्रता, अगदी प्लाझ्माएवढी. कागदावर समपरासारी. त्यात रक्ताचा थेंब टाकला की काही सेकंदांत पेशी फुटतात, कारण युरिया आवरणातून सरळ आत जातो आणि पाठोपाठ पाणी. बाहेर रोखून धरणारं काहीच उरत नाही. म्हणून 'तीव्रता सारखी' आणि 'समपरासारी' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेशीच्या दृष्टीने मोजायचे ते फक्त आत न शिरणारे कण. माझ्या आठवणीप्रमाणे आमच्या वेळी व्हायवाला हाच प्रश्न हमखास असायचा आणि निम्मा वर्ग त्यातच अडकायचा.

ग्लुकोज युरियाएवढं घाईचं नाही, पण माणसाच्या तांबड्या पेशीत तेही वाहकांमार्फत आत जातं. त्याचा अनुभव मला रक्तपेढीत एका रात्री आला. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. वॉर्डमधून फोन, 'मॅडम, रक्त लावलं तर नळीत गुठळ्या दिसतायत.' पहिला संशय अर्थातच चुकीच्या रक्ताचा. बॅग बंद करायला सांगितली, नळी बदलून नुसत्या नॉर्मल सलाईनवर शीर चालू ठेवायला सांगितलं, दुसऱ्या हातातून नवा नमुना मागवला. बॅगवरचं नाव आणि नंबर जुळत होते, गट पुन्हा तपासला, क्रॉसमॅच पुन्हा केलं, सगळं जुळलं. पेशींना अँटीबॉडी चिकटल्यात का हे बघणारी डायरेक्ट कूम्ब्स चाचणी निगेटिव्ह आली. नमुना फिरवून पाहिला, वरचा प्लाझ्मा गवती पिवळा, लाल अजिबात नाही. पेशंटला ताप नाही, थंडी नाही, कंबर दुखणं नाही. म्हणजे जे बिघडलं ते पेशंटच्या शरीरात नव्हतं, नळीत होतं.

मी स्वतः वॉर्डात गेले. वाय-आकाराच्या जोडणीच्या एका फाट्याला रक्त आणि दुसऱ्याला डेक्स्ट्रोजची बाटली, दोन्ही चालू. गुठळ्या नेमक्या जोडाच्या खाली. लॅबमध्ये येऊन बॅगच्या सेगमेंटमधलं थेंबभर रक्त एका नळीत ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये आणि दुसरीत ०.९ टक्के सलाईनमध्ये टाकलं. सलाईनमधलं रक्त छान गढूळ राहिलं. डेक्स्ट्रोजमध्ये पेशी लगेच एकमेकींना चिकटून गोळे झाल्या, आणि ३७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये तासाभर ठेवल्यावर वरचा द्रव लाल झाला. मीठ नसलं की पेशी एकमेकींना चिकटतात, आणि ग्लुकोज आत शिरत गेलं की पाणीही शिरतं.

आता गंमत बघ. तीच डेक्स्ट्रोजची बाटली त्याच पेशंटला दुपारभर एकटी चालू होती आणि काहीही बिघडलं नव्हतं, कारण तेव्हा ती शिरेत, वाहत्या रक्तात पडत होती. रात्री मात्र रक्त आणि डेक्स्ट्रोज प्लॅस्टिकच्या नळीत एकमेकांना भेटले, जवळपास बरोबरीने, मिनिटन्‌मिनिट. ती नळी म्हणजे तुझी परीक्षानळीच! म्हणून रक्ताच्या लाइनमधून बरोबर फक्त नॉर्मल सलाईन चालतं, हा रक्तपेढीतला पहिला धडा. रिंगर लॅक्टेटही लावत नाहीत, पण त्याचं कारण वेगळं : त्यातल्या कॅल्शियमने बॅगमधलं, रक्त गोठू न देणारं सायट्रेट निकामी होतं आणि रक्त गोठू शकतं.

मग 'ड्रिप समपरासारीच हवी' हा नियम आला कुठून, आणि तो अजून का टिकून आहे? कारण दिवसाला दोन-तीन लिटर जातात तेव्हा टोकापाशी काय झालं हा मुद्दा मागे पडतो आणि सगळ्या शरीराचा हिशेब पुढे येतो. आजारी माणसाचं, विशेषतः ऑपरेशननंतर, शरीर पाणी धरून ठेवतं, लघवीतून टाकत नाही. अशा वेळी पातळ द्रावण लिटर लिटर दिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि पेशी फुगतात. तांबड्या पेशींना फुगायला जागा आहे, पण मेंदूच्या पेशी कवटीत बंद आहेत, त्यांना नाही. लहान मुलांत हे इतकं घडलं की अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये २८ दिवसांपासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना नेहमीच्या ड्रिपसाठी समपरासारीच द्रव वापरावा, असं सांगितलं. त्यालाही अपवाद आहेत, पण रोजचा नियम तोच. ज्याचं पाणी खरोखर कमी झालंय आणि सोडियम वाढलंय, त्याला ०.४५ देणं बरोबर असू शकतं. शेजारच्या पेशंटचं असंच काही असेल, मला माहीत नाही.

आजोबांचं सोडियम ११२. साखर आणि युरिया साधारण असतील तर त्यांच्या प्लाझ्माची तीव्रता २४० च्या आसपास असणार. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या रक्ताच्या तुलनेत साधं ०.९ टक्क्यांचं सलाईनसुद्धा दाटच! 'समपरासारी' हे निरोगी प्लाझ्माशी तुलना करून ठरवलेलं नाव आहे, ही बाब वहीत नेमकी सुटते.

मेंदूच्या पेशींनी काही दिवसांत आतले कण बाहेर टाकून या पातळ रक्ताशी जुळवून घेतलेलं असतं. आता सोडियम झपाट्याने वर नेलं तर पेशी आकसतात. तांबडी पेशी आकसली तर परत सावरते, मेंदूतल्या मज्जातंतूंवरची आवरणं मात्र अशा धक्क्याने कायमची जखमी होऊ शकतात. म्हणून चोवीस तासांत वाढ साधारण ८ ते १० च्या पुढे जाऊ देत नाहीत. १०० मिलि ३ टक्क्यांत ३ ग्रॅम मीठ, म्हणजे ५१ मिलिमोल सोडियम. साठ किलोच्या म्हाताऱ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३० लिटर पाणी धरलं, तर एवढ्या द्रावणाने सोडियम जेमतेम सव्वा ते दीडने वाढतं. हे कागदावरचं. प्रत्यक्षात किडनीने अचानक पातळ लघवी भरभरून टाकायला सुरुवात केली तर ते याहून कितीतरी वेगाने चढतं, आणि ते बाटली बघून कळत नाही. दर काही तासांनी रक्त काढून तपासावंच लागतं आणि लघवीही मोजावी लागते.

तेव्हा सिस्टर पुन्हा भेटल्या तर बाटलीवरचे टक्के विचारू नकोस. आजोबांची सोडियमची आजवरची तीन-चार रीडिंग्ज आणि प्रत्येकाची वेळ विचार. या वेळी त्या हसणार नाहीत, चार्ट पुढे करतील.